ग्रंथालयाच्या दाराशेजारची एक पाटी: उठावाची अक्षरं आणि ब्रेल पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सांगलीत विश्रामबागेत माझं पाट्यांचं दुकान आहे. दुकानांचे बोर्ड, घराच्या नेमप्लेट, लग्नाच्या कमानी, सगळं करतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाचे चिटणीस आले आणि म्हणाले, "आमच्याकडे दिव्यांग वाचक येतात, प्रत्येक खोलीला ब्रेलची पाटी हवी." मी लगेच हो म्हणालो. चार दिवसांत पाटी केली, बसवली, पैसे घेतले. पाटी दिसायला देखणी होती आणि वाचायला पूर्ण निरुपयोगी होती. ती कशी चुकली आणि दुसऱ्यांदा कशी केली, ते एका पाटीच्या मापांसकट इथे सांगतो. पाटीवर एकच शब्द आहे: ग्रंथालय.

आधी वाचणारी माणसं ओळखा

एका पाटीला तीन प्रकारचे वाचक असतात. ज्यांना लहानपणापासून दिसत नाही आणि जे ब्रेल शिकलेत, ते खालचे ठिपके वाचतात. ज्यांची नजर उतारवयात गेली, साखरेमुळे किंवा काचबिंदूमुळे, त्यांना ब्रेल येत नाही, पण अक्षरांचे आकार हाताला आठवतात. ते उठावाची अक्षरं बोटानं गिरवतात. आणि ज्यांना अंधूक दिसतं, ते जवळ येऊन रंगाच्या फरकावर वाचतात. नुसतं ब्रेल लावलं की काम झालं असं समजू नका, कारण नजर उशिरा गेलेली बरीच माणसं त्या ठिपक्यांवरून हात फिरवून तशीच पुढे जातात.

माझ्या पाट्या दोघांनी तपासल्या. एक काका, शाळेत ब्रेल शिकलेले, आयुष्यभर ब्रेलमध्येच वाचलेले. दुसऱ्या एक आजी, साखरेनं नजर गेलेल्या. एका डोळ्यानं त्यांना फक्त उजेड आणि ठळक रंग कळतात. पुढे जी मापं सांगणार आहे ती पुस्तकातली आहेत, पण ती तशी का आहेत हे मला या दोघांच्या बोटांकडे बघून कळलं.

मापांबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाची सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं 2021 ची आहेत. सरकारी काम असेल तर टेंडरमध्ये त्यांचा उल्लेख असतो, तो वाचूनच काम घ्या. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे काही नियम ऐच्छिक न ठेवता सक्तीचे करा असं केंद्राला सांगितलं, त्यामुळे अशी कामं वाढणार आहेत. रोजच्या कामात मी एडीए या अमेरिकेच्या दिव्यांगांसाठीच्या कायद्याच्या 2010 च्या मानकातली मापं धरतो. ती मिलिमीटरपर्यंत नेमकी आहेत आणि कटिंगवाल्याला कागदावर लिहून देता येतात.

अक्षराची उंची कुठून कुठे मोजायची

त्या मानकाप्रमाणे उठावाचं अक्षर कमीत कमी 16 मिमी आणि जास्तीत जास्त 51 मिमी उंच असावं. खालची मर्यादा समजायला सोपी आहे: त्याहून लहान अक्षराचे कोपरे बोटाच्या टोकाखाली एकमेकांत मिसळतात. वरची मर्यादा मात्र नवख्यांना पटत नाही. दिसत नाही म्हणून अक्षर मोठं करा, असं गिऱ्हाईक हमखास सांगतं. पण बोट एका वेळी फार थोडा भाग बघतं. अक्षर वीतभर केलं तर बोट एक रेघ धरून जातं, आणि ती रेघ कोणत्या अक्षराची हे कळेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अंधूक दिसणाऱ्यांसाठी मोठी अक्षरं हवीच असतील, तर दारावर वेगळी सपाट पाटी लावा. बोटानं वाचायची पाटी बोटाच्या मापाचीच ठेवा.

आता देवनागरीची अडचण. ही मापं इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी लिहिलेली आहेत, त्यात उंची मोजायला आय हे अक्षर धरतात. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार. 'ग्रं'ची उंची अनुस्वाराच्या टिंबापासून मोजली तर अक्षराचं अंग बारीक होतं. म्हणून मी शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून ग, ल, य यांच्या दांड्याच्या टोकापर्यंत मोजतो आणि मात्रा हिशोबात धरत नाही. ग्रंथालयाच्या पाटीला हे अंग 25 मिमी ठेवलं. अनुस्वारासाठी वर वेगळी 8 मिमी जागा सोडली.

रेघेची जाडी उंचीच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे 25 मिमीला 3.75 मिमीच्या आत. मी 3 मिमी घेतली. फाँट अगदी साधा, एकसारख्या जाडीचा निवडा. लपेटीचा, बोरूच्या वळणाचा फाँट डोळ्यांना सुंदर दिसतो, पण त्यात एक कड जाड आणि एक कड सुईसारखी असते. ती सुई बोटाला लागते आणि जाड भागातली पोकळी बुजते. आमच्या शब्दात पहिला बुजतो तो 'थ'. त्याचा गोल उघडा राहिला पाहिजे. कटिंगला टाकण्याआधी कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढून त्या गोलावर पेन्सिलचं टोक ठेवून बघा, टोक रेघेला न टेकता आत मावलं पाहिजे.

अक्षरा-अक्षरांत किमान 3.2 मिमी अंतर हवं. मराठीत हे जमवायचं कसं, शिरोरेखा तर सगळी अक्षरं बांधून ठेवते! पहिल्यांदा मी ती अखंड ठेवली होती. आजींनी पाटीवर बोट ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडे सरळ निघून गेलं.

"बाळा, वरती ही दोरीच आहे," त्या म्हणाल्या. "दोरी धरली की बोट खाली उतरतच नाही."

तेव्हापासून उठावाच्या पाटीत मी शिरोरेखा प्रत्येक अक्षरानंतर तोडतो, बरोबर 3.2 मिमी. डोळ्यांना शब्द जुळलेलाच दिसतो आणि बोटाला प्रत्येक अक्षराची सुरुवात सापडते. एक सावधगिरी घ्या: काना त्याच्या अक्षराला चिकटलेलाच ठेवा. 'था'मधला काना सुटा केला तर बोटाला ती नुसती उभी दांडी वाटते, आणि आजींनी तो एकदा दंड समजून शब्द तिथेच संपवला होता.

उठाव किती, आणि तो एटीएम कार्डानं कसा तपासायचा

उठाव किमान 0.8 मिमी हवा. आमच्या धंद्यात पाटी म्हटली की हात आधी व्हिनाइलकडे जातो. व्हिनाइलची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे हव्या त्या उठावाच्या आठव्या भागाएवढी. बोटाला ते नुसता डाग म्हणून लागतं. व्हिनाइलवर व्हिनाइल चढवत बसू नका, उन्हाळ्यात कडा सुटतात.

मी अक्षरं 1 मिमी जाड, मॅट एबीएस शीटमधून सीएनसी राउटरवर कापून घेतो. खालची पाटी 3 मिमी अॅक्रिलिकची. लेसरनं अॅक्रिलिक झटपट कापलं जातं, पण त्याची कड धारदार राहते, आणि रोज शंभर वेळा बोट फिरायचं असेल तर ती धार त्रास देते. कशानंही कापा, पण वरची कड 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकी मारून घ्या. फार घासलीत तर कड गोल होऊन अक्षर पाटीत विरघळल्यासारखं लागतं. कड स्पष्ट हवी, फक्त टोचायला नको.

व्हर्नियर नसेल तर खिशातलं एटीएम कार्ड काढा. त्याची जाडी ठरलेली असते, 0.76 मिमी. कार्ड पाटीवर सपाट ठेवून अक्षराला भिडवा आणि नख कार्डावरून अक्षराकडे सरकवा. नख अक्षराच्या कडेला अडकलं तर उठाव पुरेसा आहे. नख सहज अक्षरावर गेलं तर काठावर आहे, व्हर्नियरनं मोजा. नख कार्डावरून खाली घसरलं तर ते अक्षर परत करायचं. हीच परीक्षा अक्षराच्या चारही बाजूंनी घ्या, कारण चिकटवताना गोंद एका बाजूला जास्त गेला की अक्षर तिरकं बसतं आणि डोळ्याला ते कधीच दिसत नाही.

ब्रेल: इथेच माझी पहिली पाटी फुकट गेली

पहिल्या वेळी मी काय केलं, ते नीट सांगतो, कारण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पाटीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये हा सापळा आहे. आपण कोरलड्रॉमध्ये मराठी टाइप करतो ते बहुतेक वेळा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. पडद्यावर 'ग' दिसतो, पण फाइलच्या पोटात तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. मी 'ग्रंथालय' असं टाइप केलं, इंटरनेटवरून एक ब्रेल फाँट उतरवला, शब्द निवडून फाँट बदलला. ठिपके उमटले. मी खूश झालो. प्रत्यक्षात त्या फाँटनं पोटातल्या इंग्रजी अक्षरांचे ठिपके काढले होते.

काकांनी त्या ओळीवर दोन्ही हातांची बोटं ठेवली, परत मागे आणली, पुन्हा वाचली.

"अरे, हे काय लिहिलंयस? यातलं एकही अक्षर दुसऱ्याशी बोलत नाही."

मला अजून ते वाक्य आठवतं. ग्रंथालयाच्या पाच खोल्यांना त्या पाट्या लागलेल्या होत्या, आणि डोळस माणसांपैकी कुणालाच शंका आली नव्हती. येणारच नाही. म्हणून ब्रेल हाताला समजणाऱ्या माणसानं वाचल्याशिवाय पाटी कापायला द्यायची नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

आता बरोबर रीत. मराठी ब्रेल म्हणजे भारती ब्रेल. त्याच्या एका घरात सहा ठिपके: डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. लिहिताना तीन गोष्टी देवनागरीपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्या समजल्या की निम्म्या चुका टळतात. एक, मात्रेसाठी वेगळं चिन्ह नसतं, स्वराचंच घर व्यंजनानंतर येतं. दोन, पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. 'वि' म्हणजे आधी व, मग इ. तीन, जोडाक्षरात हलन्ताचं घर अर्ध्या व्यंजनाच्या आधी बसतं.

'ग्रंथालय' असं उलगडतं: हलन्त (4), ग (1245), र (1235), अनुस्वार (56), थ (1456), आ (345), ल (123), य (13456). एकूण आठ घरं:

```
⠈⠛⠗⠰⠹⠜⠇⠽
```

शब्द युनिकोडमध्ये टाइप करा आणि liblouis सारख्या मोफत ब्रेल सॉफ्टवेअरच्या मराठी तक्त्यातून काढा, मग वरच्यासारखा हातानं उलगडून ताळा करा. आठ घरांना पाच मिनिटं लागतात. पाटीवर इंग्रजी ओळही हवी असेल तर तिचं ब्रेल वेगळ्या पद्धतीचं असतं, तेव्हा दोन ओळी वेगवेगळ्या काढाव्या लागतात.

मापांची गोष्ट अक्षरांपेक्षा कडक आहे. अक्षर 20 मिमी करा नाहीतर 40, चालतं. ब्रेलला मात्र जवळजवळ एकच माप असतं. एका घरातल्या शेजारच्या दोन ठिपक्यांत मध्यापासून मध्यापर्यंत 2.3 ते 2.5 मिमी, एका घरातून पुढच्या घरातल्या तशाच ठिपक्यापर्यंत 6.1 ते 7.6 मिमी, ठिपक्याचा तळ 1.5 ते 1.6 मिमी रुंद आणि उंची 0.6 ते 0.9 मिमी. वाचणाऱ्याचं बोट या मापाला इतकं सरावलेलं असतं की घर थोडं ताणलं तरी एका घराची दोन वाटतात. आणि ताणायचा मोह होतोच! आमची वरची अक्षरं साधारण 120 मिमी रुंद होती, खालचं ब्रेल भरलं जेमतेम 47 मिमी. 6.2 मिमीनं सात टप्पे म्हणजे 43.4, त्यात शेवटच्या घराची रुंदी 2.5 आणि ठिपक्याचे 1.5 मिळवले की 47.4. डिझाइन करणाऱ्या पोरानं ते वरच्या ओळीएवढं ओढून समान केलं होतं. ब्रेल कधीही ओढू नका, लहान करू नका, मध्ये आणायचं असेल तर नुसतं सरकवा. वरच्या अक्षरांपासून आणि पाटीला उठावाची चौकट असेल तर तिच्यापासूनही किमान 9.5 मिमी मोकळी जागा सोडा.

ठिपके कसे करायचे? माझा भरवसा मण्यांवर आहे. राउटरनं पाटीत 1.6 मिमी मण्यापेक्षा केसभर लहान, सपाट तळाची, 0.9 मिमी खोल छिद्रं पाडायची आणि त्यात 1.6 मिमीचे गोल मणी दाबून बसवायचे. खोली 0.9 च का, तर मण्याचा सर्वांत रुंद भाग तेव्हा पाटीच्या पृष्ठभागाखाली जातो आणि छिद्र त्याला धरून ठेवतं. वर 0.7 मिमीचा गुळगुळीत घुमट राहतो. छिद्र उथळ राहिलं तर रुंद भाग वर राहतो आणि मणी आठवड्याभरात उडतो. टाकाऊ तुकड्यावर आधी दहा छिद्रं पाडून बघा, टूलच्या झिजेप्रमाणे माप बदलतं. यूव्ही प्रिंटिंगनं थरावर थर चढवूनही ठिपके होतात. ते करून घेणार असाल तर टोकं चपटी येत नाहीत ना, ते नखानं तपासा. ठिपका घुमटासारखाच हवा.

आणि एक चूक जी मी दुसऱ्याच्या कामात पाहिली आहे: पारदर्शक अॅक्रिलिकला मागून कोरायची सवय असलेल्या कारागिरानं फाइल सवयीनं आरशासारखी उलटी केली. ब्रेल उलटं झालं की निरर्थक होतं असं नाही, ते दुसरंच काहीतरी वाचलं जातं. 'ज'चं घर (245) उलटलं की 1, 2, 5 म्हणजे 'ह' होतं. मशीन सुरू करण्याआधी ओळीचं पहिलं घर बघा: आमच्या शब्दात ते हलन्ताचं आहे, एकटा ठिपका, वर आणि उजव्या रांगेत.

रंगातला फरक

ब्रेलला रंग लागत नाही, अक्षरांना लागतो. आजी पाटीपासून हातभर अंतरावर थांबून मान तिरकी करतात आणि उरलेल्या नजरेनं आधी पाटी शोधतात, मग हात लावतात. पाटी भिंतीतून उठून दिसली नाही तर त्यांचा हात भिंतीवर चाचपडत राहतो. म्हणून फरक दोन ठिकाणी बघायचा: अक्षर आणि पाटी यांत, आणि पाटी आणि भिंत यांत.

रंगाच्या चांगल्या शेडकार्डावर प्रत्येक छटेचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे ती छटा किती उजेड परत टाकते याचा 0 ते 100 मधला आकडा. हिशोब असा:

```
(B1 − B2) ÷ B1 × 100
```

B1 म्हणजे फिक्या रंगाचा आकडा, B2 गडद रंगाचा. उत्तर 70 किंवा जास्त यावं. चिटणीसांना पांढऱ्यावर पिवळी अक्षरं हवी होती, ग्रंथालयाच्या बोधचिन्हाचे रंग म्हणून. पांढरा 85, तो पिवळा 60. 85 मधून 60 गेले 25, भागिले 85, म्हणजे 29 टक्के. मी त्यांना तेच आकडे मांडून दाखवले. गडद निळी पाटी 8 ची आणि तीच पांढरी अक्षरं घेतली तर 77 भागिले 85, म्हणजे जवळपास 91 टक्के. पिवळा त्यांनी दाराच्या चौकटीला लावला.

शेडकार्ड हाताशी नसेल तर मोबाइलनं फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंग गेल्यावर अक्षर आणि पाटी एकाच करड्यात बुडाली की फरक कमी आहे असं समजा. लाल-हिरव्याची जोडी इथे हमखास पकडली जाते. फोटो दुपारी एक आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावून एक, असे दोन काढा. ही परीक्षा आकड्याइतकी पक्की नाही, पण गिऱ्हाईकाला पटवायला हिच्यासारखी दुसरी नाही.

फिनिश: चकाकी नको

आपल्याकडे नेमप्लेट म्हटलं की सोनेरी आरसा अॅक्रिलिक किंवा चकचकीत पितळ. अंधूक दिसणाऱ्यासाठी दोन्ही वाईट. आरशाला स्वतःचा रंगच नसतो, समोरची खिडकी दिसली की अक्षर पांढरं, माणूस आडवा आला की काळं. वरचा हिशोब त्याला लावताच येत नाही.

पाटी आणि अक्षरं दोन्ही मॅट किंवा अंड्याच्या कवचासारख्या मंद तकाकीची घ्या. मोजायचं यंत्र असेल तर 60 अंशांच्या ग्लॉसमीटरवर 11 ते 19 एवढी चकाकी ठीक. आमच्यासारख्यांकडे यंत्र नसतं. मी पाटी उभी धरून वर ट्यूबलाइट लावतो आणि मान वरखाली करतो. ट्यूबचा आकार पाटीत ओळखू आला तर फिनिश नापास. नुसता मवाळ उजेड पसरला तर पास.

फार खरखरीत मॅटही नको. एकदा मी दाणेदार टेक्श्चरची शीट वापरली, छान दिसत होती. काकांनी ब्रेलच्या आधी तीच वाचायला सुरुवात केली. पार्श्वभूमीचा प्रत्येक दाणा बोटाला ठिपका वाटतो. आणि पाटी टिकावी म्हणून वरून लॅमिनेशन फिल्म कधीही लावू नका, ती ठिपक्यांवर तंबूसारखी ताणली जाते आणि घरं एकमेकांत मिसळतात. उन्हाची भिंत असेल तर पितळ आणि स्टील टाळा. एप्रिलमध्ये सांगलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीनला पितळेवर बोट ठेवून बघा, शब्द पूर्ण होण्याआधी हात निघतो.

भिंतीवर कुठे

पाटी दारावर नाही, दाराशेजारच्या भिंतीवर लावायची, ज्या बाजूला कडी किंवा हँडल आहे त्या बाजूला. दारावर लावली आणि वाचताना कुणी आतून दार ढकललं तर ते तोंडावरच बसेल. सर्वांत खालच्या ब्रेलची बैठक जमिनीपासून 1220 मिमीच्या वर आणि सर्वांत वरच्या अक्षरांची बैठक 1525 मिमीच्या खाली असावी. ग्रंथालयात मी ब्रेलची ओळ 1350 मिमीवर घेतली, आणि सगळ्या खोल्यांना तीच उंची ठेवली. एका दाराशी सापडली की पुढच्या दाराशी हात आपोआप तिथेच जातो. ही सारखी उंची कागदावरच्या कुठल्याही मापाइतकीच महत्त्वाची आहे.

पाटीसमोर जमिनीवर सुमारे 455 मिमी लांब-रुंद जागा मोकळी हवी, आणि ती दाराच्या फिरण्याच्या टप्प्यात येऊ नये. हे नकाशात नेहमी बरोबर असतं. आमच्या ग्रंथालयात पाटी बसवली त्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी चपलांचा स्टँड आला. काकांचा पाय त्यात अडकला. चिटणीसांनी तो हलवला आणि जमिनीवर पिवळ्या पट्टीनं चौकोन आखून ठेवला, तो आजही आहे.

पाटी नुसत्या दुहेरी टेपवर सोडू नका. कृष्णाकाठच्या जुन्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, 2019 आणि 2021 च्या पुरानंतर तर तळमजल्याच्या कितीतरी भिंतींना अजून पोपडे येतात. टेप रंगाला चिकटतो, आणि रंग भिंतीपासून सुटतो. चार कोपऱ्यांना चपट्या डोक्याचे स्क्रू घ्या, डोकी पाटीच्या पातळीत बुडवा. वर आलेलं स्क्रूचं डोकं बोटाला ठिपकाच वाटतं.

बसवल्यानंतर

पाटीचा सर्वांत मोठा शत्रू रंगारी. दिवाळीआधी भिंत रंगवताना ब्रश पाटीवरून फिरतो आणि ठिपक्यांमधल्या खळग्यांत रंग बसतो. ग्रंथालयाच्या शिपाईमामांना मी मास्किंग टेपचं एक रीळ देऊन ठेवलंय, रंगकाम निघालं की पाटी पूर्ण झाकायची. पुसायला ओलं मऊ फडकं पुरे. थिनर लावला तर मॅट फिनिश जागोजागी चकाकायला लागतं.

सहा महिन्यांतून एकदा ठिपके मोजा. आमच्या शब्दात तेवीस... असं म्हणून मी एकदा फोनवरच चुकलो होतो, म्हणून आता मोजणी पाटीच्या मागे घराप्रमाणे लिहून ठेवतो: 1, 4, 4, 2, 4, 3, 3, 5, एकूण 26. एक मणी उडाला तर जागा रिकामी दिसते एवढंच वाटतं, पण गेल्या पावसाळ्यात 'थ'च्या घरातला 1 क्रमांकाचा मणी गेला. 1456 चे उरले 456, आणि तो झाला 'ळ'. काका दाराशी थांबून मला हाक मारत होते, "इथे ग्रंळालय आहे, ग्रंथालय कुठे नेलंस?" खिशात मण्यांची पुडी होती, छिद्र पिननं साफ केलं आणि नवा मणी लाकडी ठोकळ्यानं दाबून बसवला. मूळ फाइल आणि पन्नास मण्यांची पुडी तेव्हापासून ग्रंथालयाच्याच कपाटात ठेवली आहे.